हळदीचे डाग, भाग ३: रेडियसवर उगाच खापर फोडलं

बारा बाय अठराची टेस्ट प्रिंट वर्ध्याहून आली आणि चेहऱ्यावरचे हळदीचे डाग फोटोशॉपमध्ये काढायचं तीन रात्रींचं काम पाण्यात गेलं. मामेबहिणीचा हळदीच्या दुसऱ्या दिवशीचा तोच क्लोजअप, ज्याचं मागच्या भागात मी भरपूर कौतुक केलं होतं. जबड्यापाशी पिवळी बेटं जशीच्या तशी, आणि नाकाशेजारचा गाल मात्र रबरासारखा. मामीनं प्रिंट दारातल्या उजेडात धरली. "काऊन रे, हा आपल्या पोरीचा फोटो होय का बाहुलीचा?"

स्क्रीनवर हे दिसलं नाही, कारण मी सगळं काम २०० टक्के झूमवर करत होतो. तिथे डाग एवढा पसरतो की तो डाग वाटतच नाही. आता दर दहा मिनिटांनी पूर्ण चेहरा स्क्रीनवर मावेल एवढं मागे यायचं, हा नियम.

मूळ भानगड अशी. मी फ्रीक्वेन्सी सेपरेशन करत होतो, म्हणजे फोटोचे दोन थर: खालच्या लो लेयरमध्ये ब्लर केलेला रंग-उजेड, वरच्या हाय लेयरमध्ये उरलेलं बारीक काम. रेडियस म्हणजे त्या ब्लरचा आकार; तो जेवढा मोठा, तेवढं जास्त वरच्या थरात जातं. या फाइलमध्ये चेहरा साधारण १४०० पिक्सेल रुंद आहे. १० रेडियसला त्वचेची छिद्रं छान हाय लेयरमध्ये येतात, पण हळदीची बारकी बेटं, २५-३० पिक्सेलची, अर्धीमुर्धी त्यांच्यासोबतच वर येतात. मग खाली लो लेयरवर लॅसो, फेदर, ब्लर कितीही करा, वरचा अर्धा डाग हलत नाही. म्हणून मी रेडियस ४ वर आणला. बेटं बहुतेक खाली गेली, पण नाकाशेजारची मोठी छिद्रंही थोडी खाली गेली आणि ब्लरनं ती खाऊन टाकली. ते रबर तिथून आलं. ५, ६, ७, ८ सगळं करून पाहिलं. एका रात्री सेव्ह करायच्या आधीच लाइन गेली, ते वेगळंच.

मग कंटाळून फोटोचे लाल, हिरवा, निळा असे चॅनेल एकेक करून पाहत बसलो. रेड चॅनेलमध्ये गाल स्वच्छ, ग्रीनमध्ये जवळपास स्वच्छ, आणि ब्लूमध्ये बेटं काळी ठिक्कर. म्हणजे डाग उजेडाचा नाहीच, रंगाचा आहे. पिवळा म्हटला की ब्लूमध्ये काळा दिसणारच, हे मला आधी सुचायला हवं होतं. छिद्रं मात्र तिन्ही चॅनेलमध्ये आहेत, कारण ती सावली आहे. म्हणजे दोघांना वेगळं करायला रेडियस हे हत्यारच चुकीचं होतं.

लगेच हाय लेयर एकटा Normal मोडमध्ये पाहिला आणि वर Hue/Saturation ठेवून सॅच्युरेशन +100 केलं. जो लेयर राखाडी दिसायला हवा, त्यात जबड्यापाशी पिवळे ढग! चोर सापडला.

आता नवी मांडणी. रेडियस परत १०. फाइल १६ बिट आहे, म्हणून Apply Image मध्ये सोर्स लो लेयर, Add, Invert वर टिक, Scale 2, Offset 0, आणि हाय लेयर Linear Light, हे नेहमीचंच. नवीन एवढंच की हाय लेयरला क्लिप करून Hue/Saturation लावलं आणि सॅच्युरेशन -100. छिद्रांची सावली राहते, रंगाची बेटं वरून निघून जातात. याचा मास्क काळा करून, म्हणजे परिणाम सगळीकडे झाकून, फक्त गालावर पांढरा रंगवायचा. मी आधी मास्क विसरलो, तर कुंकवाच्या कडेनं लाल झाक कपाळावर पसरली आणि ओठांची कड मळकी झाली. जिथे खरी रंगाची कड आहे तिथे हे चालत नाही.

खालच्या लेयरवर लॅसो घेऊन ब्लर करणं बंदच केलं. लो आणि हायच्या मध्ये रिकामा लेयर, मोड Color, शेजारच्या स्वच्छ गालाचा रंग उचलून मऊ ब्रश, फ्लो ३ टक्के. Color मोड उजेडाला हात लावत नाही, त्यामुळे गालाचा गोलावा शाबूत. यात माझा सेकंडहँड पेन टॅबलेट पहिल्यांदा वसूल झाला. माऊसनं ३ टक्क्यांचे पट्टे दिसतात. दोन बेटं किंचित गडदही होती, त्यांना कर्व्हनं जरासा उजेड दिला. चाळीस मिनिटांत गाल एकसारखा, आणि नाकाशेजारचं प्रत्येक छिद्र जागेवर. हनुवटीवरची कांजिण्यांची खूणसुद्धा आहे, ती मी मुद्दाम ठेवली.

आता उरलेल्या अल्बमसाठी याची ॲक्शन, म्हणजे या सगळ्या पायऱ्या आपोआप चालवणारी नोंद, बनवणार होतो. पण हे लिहितानाच लक्षात आलं की पूर्ण उंचीच्या फोटोत चेहरा जेमतेम ३०० पिक्सेल आहे; त्याच हिशोबानं तिथे रेडियस २ च्या आसपास येईल, आणि एवढ्याशा चेहऱ्यात छिद्रं असतात तरी कुठे? तिथे सेपरेशनच नको, नुसता Color लेयर पुरे. ॲक्शन फक्त क्लोजअपसाठी, तीही रेडियसच्या खिडकीपाशी थांबणारी.

उद्या सकाळच्या एसटीनं पेनड्राइव्ह वर्ध्याला जातोय. गळ्याला अजून हात लावलेला नाही. तिथे हळदीवर सोन्याच्या पोतीची पिवळी चमकही पडलीय, आणि त्यातली कुठली काढायची ते मामीला विचारूनच ठरेल.