आधी बबल बघा, मग पेन उचला

"मॅडम, ग्रुपवर सर्किटचा स्क्रीनशॉट आलाय. त्यावरून समीकरण आणि ट्रूथ टेबल कसं काढायचं? सुरुवात कुठून करू?"

चित्र मोठं करण्यापासून. चेष्टा नाही. सांगलीत विश्रामबागला डिप्लोमाच्या मुलांना मी डिजिटल टेक्निक्स शिकवते. परीक्षा जवळ आली की माझा फोन अशा स्क्रीनशॉटनी भरून जातो. मूळ प्रश्न कुठल्यातरी पीडीएफमध्ये असतो. त्याचा कुणी स्क्रीनशॉट काढतो, तो ग्रुपवर टाकतो, दुसरा त्या चॅटचाच स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलतो. प्रत्येक फेरीला चित्र दाबलं जातं आणि बारीक गोष्टी आधी पुसट होतात. आता लॉजिक सर्किटमध्ये बारीक गोष्टी कोणत्या? गेटच्या नाकावरचा बबल, वायर जोडल्याचा ठिपका आणि एक्स-ऑर गेटच्या पाठीमागची दुसरी कमान. नेमक्या याच तीन गोष्टींवर उत्तर फिरतं. बाकी चित्र कितीही धूसर असलं तरी चालतं.

गेल्या सत्रातलं एक चित्र घेऊ, कारण त्यात हे तिन्ही प्रकार एकदम होते. डाव्या बाजूला A, B, C अशा तीन उभ्या वायर. वर एक सपाट पाठीचं गेट, त्याला A आणि B जातात. त्याच्या खाली दोन्ही इनपुट एकत्र बांधलेलं एक छोटं नँड, त्यात फक्त C. मधे कमानदार पाठीचं एक गेट, त्यात B आणि त्या छोट्या नँडचं आउटपुट. शेवटी उजवीकडे एक अँड गेट, वरच्या आणि मधल्या गेटची आउटपुट घेऊन Y देणारं.

पहिला नियम असा, की Y कडे बघायचंच नाही. डावीकडून निघायचं आणि प्रत्येक गेटच्या आउटपुटवर पेन्सिलीने एक अक्षर टाकायचं. वरच्या गेटचं P, छोट्या नँडचं Q, मधल्याचं R. ज्या गेटच्या सगळ्या इनपुटना नाव मिळालंय त्याच गेटला हात लावायचा. मुलं हे टाळतात, कारण अक्षरं टाकणं पोरकट वाटतं. मग थेट Y लिहायला जातात आणि कंस विसरतात. (B + C') चा कंस गेला की शेवटच्या अँड गेटला P बरोबर एकटा B जातो आणि C' बाहेर लोंबकळत राहतो. ते वेगळंच सर्किट झालं.

आता P. वरच्या गेटच्या टोकाला बबल आहे की नाही? स्क्रीनशॉटमध्ये तिथे एक करडा डाग होता. अशा वेळी डागाकडे टक लावून काही मिळत नाही, त्याच चित्रातल्या दुसऱ्या गेटशी ताडून बघायचं. शेवटच्या अँड गेटमधून वायर जिथे निघते तिथे ती सुरुवातीपासून एकसारखी बारीक होती. वरच्या गेटपाशी मात्र ती सुरुवातीला जाड होऊन पुढे बारीक झाली होती. म्हणजे बबल आहे, गेट नँड आहे आणि P = (AB)'. इथे टाइप करताना एक खोड सांभाळा. (AB)' आणि A'B' एक नाहीत. पहिलं फक्त A आणि B दोन्ही 1 असताना 0 होतं. दुसरं दोन्ही 0 असतील तरच 1 होतं.

Q सोपं. दोन्ही इनपुट बांधलेलं नँड म्हणजे नॉट, Q = C'.

R पाशी ठिपक्याचा प्रश्न आला. मधल्या गेटची वरची वायर B च्या उभ्या वायरपासून निघून C ला ओलांडत उजवीकडे जाते. धूसर चित्रात दोन वायर जिथे एकमेकींवरून जातात तिथेही काळसर गोळा दिसतो, त्यामुळे ठिपका B वर की C वर यावर मुलांची भांडणं. पण ठिपका न बघताही हे सुटतं. आडवी वायर B पाशी संपते, पलीकडे जात नाही. संपणारी वायर कुठेतरी जोडलेलीच असणार, नाहीतर ती B पर्यंत ओढलीच कशाला असती? C वर मात्र ती आरपार जाते, आणि ठिपका नसलेली फुली म्हणजे जोड नाही, हा सर्वमान्य संकेत. दोन्ही ठिकाणी ठिपका मानला तर B आणि C एकमेकांना बांधले जातील आणि ते दोन स्वतंत्र इनपुट राहणारच नाहीत. तेव्हा R = B + C', आणि Y = P·R.

समीकरण असं उलगडतं:

```
Y = (AB)'(B + C')
  = (A' + B')(B + C')
  = A'B + A'C' + B'B + B'C'
  = A'B + A'C' + B'C'
  = A'B + B'C'
```

शेवटच्या ओळीत A'C' कुठे गेलं हे हमखास विचारलं जातं. A'C' हे 000 आणि 010 या दोन ओळींत 1 होतं. त्यातली 010 ओळ A'B ने आधीच घेतलीय आणि 000 ओळ B'C' ने. त्याला स्वतःचं असं काही उरलं नाही, म्हणून काढलं. के-मॅप काढलात तरी हेच दिसेल.

ट्रूथ टेबल मात्र या समीकरणावरून भरू नका. चित्रावरून भरा, गेटागणिक एक कॉलम. ओळी मोजणीच्या क्रमाने घ्या, म्हणजे एखादी सुटत नाही: C दर ओळीला बदलतो, B दर दोन ओळींना, A चार ओळींनंतर.

```
A B C | P Q R | Y
0 0 0 | 1 1 1 | 1
0 0 1 | 1 0 0 | 0
0 1 0 | 1 1 1 | 1
0 1 1 | 1 0 1 | 1
1 0 0 | 1 1 1 | 1
1 0 1 | 1 0 0 | 0
1 1 0 | 0 1 1 | 0
1 1 1 | 0 0 1 | 0
```

मग A'B + B'C' शी ताडून बघा. A'B मधून 010 आणि 011, B'C' मधून 000 आणि 100. टेबलातही Y याच चार ओळींत 1 आहे. म्हणजे बीजगणित बरोबर. पण एवढंच. चित्रच चुकीचं वाचलं असेल तर टेबल आणि समीकरण दोन्ही एकाच चुकीवर उभी राहतात आणि एकमेकांशी अगदी छान जुळतात. जुळलं म्हणून खूश झालेल्या मुलाचा पेपर हातात आला की वाईट वाटतं.

मग चित्र चुकीचं वाचलंय हे ओळखायचं कसं? वरचा बबल दिसलाच नाही असं धरा. P होतो AB आणि Y = AB(B + C'). आता AB हे 1 असेल तेव्हा B 1 असतोच, म्हणजे कंस 1 असतोच, आणि Y निव्वळ AB उरतो. मधलं गेट, छोटं नँड, आख्खा C, सगळं फुकट गेलं. ठिपका C वर धरलात तर R = C + C' म्हणजे कायम 1, आणि Y = (AB)'. पुन्हा अर्धं सर्किट बेकार. पेपर काढणाऱ्याने चार गेट काढली ती तीन बेकार करायला काढली नसावीत. एखादा कॉलम वरपासून खालपर्यंत 1 आला किंवा एखादं इनपुट उत्तरातून गायब झालं, की पेन ठेवून पुन्हा झूम करा.

याला अपवाद आहे आणि तो मोठा आहे. "सोपं रूप द्या" असा प्रश्न असेल तर फालतू गेट मुद्दाम घातलेली असतात, A + AB = A सारखी. तिथे गेट बेकार जाणं हेच उत्तर असतं. म्हणून ही खूण संशयापुरती वापरा, पुरावा म्हणून नको. आधी प्रश्नाचा मजकूर वाचा. स्क्रीनशॉटमध्ये तो नेमका कापलेला असतो, हे वेगळं दुखणं.

खरी लबाड चूक तिसरी. मधलं गेट ऑर न धरता एक्स-ऑर धरलं तर? B आणि C' दोन्ही 1 असतील तिथेच ऑर आणि एक्स-ऑर वेगळं बोलतात, म्हणजे B = 1, C = 0. अशा ओळी दोन, 010 आणि 110. त्यातल्या 110 मध्ये P आधीच 0 आहे, तेव्हा Y ला काही फरक पडत नाही. उरली फक्त 010. आठांपैकी एक ओळ बदलते, कुठलंही इनपुट गायब होत नाही, कुठलाही कॉलम कायम 1 होत नाही. टेबल दिसायला अगदी शहाण्यासारखं दिसतं. इथे तर्क उपयोगी पडत नाही, डोळेच लागतात. गेटची पाठ किती जाड आहे ते बघायचं. धूसर चित्रात एक्स-ऑरच्या दोन कमानी मिसळून एक जाड रेघ होते. त्याच चित्रातल्या अँड गेटची सपाट पाठ किती जाड आहे तिच्याशी तुलना करा. शिवाय वायर कुठे थांबते ते बघा. ऑरमध्ये ती थेट गेटच्या अंगाला भिडते, एक्स-ऑरमध्ये बाहेरच्या कमानीपाशी थांबते आणि मधे बारीक फट राहते. आमच्या चित्रात पाठ अँडइतकीच बारीक होती, म्हणून ऑर. तरीही मी मुलाला मूळ पीडीएफ मागवायला लावलं. ज्या खुणेवर एक ओळ अडलीय आणि जी दुसऱ्या कशाने तपासता येत नाही, तिच्यासाठी एक मेसेज टाकायला काय जातं?

आणि ही पद्धत जिथे चालत नाही ते चित्रही ओळखायला शिका. डावीकडून नावं टाकत निघालात आणि एखाद्या गेटला नावच देता येईना, कारण त्याचं इनपुट पुढच्या गेटमधून मागे येतंय, तर थांबा. दोन नँड एकमेकांची आउटपुट एकमेकांना देत असतील तर ते लॅच आहे. तिथे फक्त इनपुटवरून आउटपुट ठरत नाही, आधी काय होतं तेही लागतं. टेबलात आधीच्या आउटपुटसाठी एक जादा कॉलम घ्यावा लागतो, आणि तो न घेता भरलेल्या टेबलाला मार्क मिळत नाहीत.