तयार पूड, दोन बास्केट आणि वरचा फेस

माझ्या एस्प्रेसो मशीनच्या ५१ मिमीच्या पोर्टाफिल्टरसाठी, म्हणजे पूड भरून मशीनला लावायच्या दांड्यासाठी, माझ्याकडे दोन बास्केट आहेत. वरून बघितल्या तर सारख्याच, तळाला शेकडो बारीक भोकं. उलट्या केल्या की फरक कळतो. सिंगल वॉलला खालूनही तीच भोकं दिसतात. ड्युअल वॉलला, म्हणजे प्रेशराइज्ड बास्केटला, खाली दुसरा पत्रा असतो आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं एकच भोक. शंका असेल तर नळाखाली धरा. सिंगल वॉलमधून पाणी सरळ वाहून जातं, ड्युअल वॉलमध्ये साठून राहतं आणि खालून थेंब थेंब गळतं.

त्या एका भोकाचं काम समजून घेण्यासाठी मी एकच पूड दोन्हींत वापरून पाहिली. दुकानातली 'एस्प्रेसो' लिहिलेली तयार पूड, पाकीट त्याच दिवशी फोडलेलं, दर वेळी १४ ग्रॅम, कपाखाली वजनकाटा.

सिंगल वॉलमध्ये ३० ग्रॅम कॉफी ९ सेकंदांत कपात आली. फिकट, पाणचट आणि जिभेला आंबट. वर क्रेमाचा, म्हणजे एस्प्रेसोवरच्या फेसाचा, पातळ पदर होता, तोही लगेच विरला. या बास्केटमध्ये पाण्याला अडवायला पुडीच्या थराशिवाय काही नसतं. थर भरड असला की पंप कितीही जोराचा असो, दाब तयारच होत नाही. पाणी कणांमधल्या फटींतून पळून जातं. मग मी पूड १६ ग्रॅम केली आणि टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, सगळा भार टाकून दाबला. वेळ ९ वरून १३ सेकंदांवर गेला, एवढंच. पूड एकदा घट्ट बसली की आणखी दाबून फटी बुजत नाहीत. त्या कणाच्या आकारावर ठरतात. टॅम्पिंगने दळणाची भरपाई होत नाही, हे पहिल्याच पाकिटात कळलं असतं तर दोन पाकिटं वाचली असती.

तीच १४ ग्रॅम पूड ड्युअल वॉलमध्ये हलक्या हाताने दाबून घातली. ३० ग्रॅमला २२ सेकंद लागले. इथे पाण्याला अडवतं ते भोक, त्यामुळे पूड थोडी भरड असली किंवा टॅम्प वाकडा झाला तरी पाणी थांबतं आणि पुडीत मुरायला वेळ मिळतो. चव भरली, आंबटपणा बराच गेला. वर फेस मात्र बोटाच्या पेराएवढा!

त्या फेसावर विश्वास ठेवू नका. भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि कपात येताना दाब सुटला की सूक्ष्म बुडबुडे होऊन बाहेर पडतो. तो खरा क्रेमा. दळल्यावर हा वायू फार लवकर उडून जातो, म्हणून तयार पुडीत तो थोडाच उरलेला असतो. ड्युअल वॉलमध्ये कॉफी त्या भोकातून पिचकारीसारखी सुटते आणि हवेसकट घुसळली जाते. महिनाभर उघडं राहिलेलं पाकीट वापरलं तरी फेस आला, कॉफी मात्र पुठ्ठ्यासारखी लागली. जवळून पाहिलं की दोन्ही ओळखता येतात. घुसळलेला फेस फिकट, बुडबुडे डोळ्यांना दिसतील एवढे मोठे. ताज्या दळणाचा क्रेमा तांबूस आणि मखमली, त्यात बुडबुडा वेगळा दिसत नाही.

नंतर ग्राइंडरवर ताज्या बिया बारीक दळल्या. सिंगल वॉलमध्ये १४ ग्रॅमची २८ ग्रॅम कॉफी २८ सेकंदांत आली आणि तसाच तांबूस क्रेमा मिळाला. तेच बारीक दळण ड्युअल वॉलमध्ये घातल्यावर पंपाचा आवाज जड झाला, कपात चार थेंब पडले. पूडही अडवते आणि भोकही, मग वाट कुठून? असं झालं तर मशीन बंद करा, पण पोर्टाफिल्टर लगेच फिरवू नका. आत दाब असतो, गरम चोथा अंगावर उडतो. दोन मिनिटं थांबा.

चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पूड मी दोन्हींपासून लांब ठेवते. चिकोरी पाण्यात फुगते, चिकट होते आणि ते एकुलतं भोक बुजवते.

एक गोष्ट आधी तपासा: काही मशीनांत हा अडथळा बास्केटमध्ये नसून पोर्टाफिल्टरच्या तळाशी, प्लास्टिकच्या वॉल्वमध्ये असतो. तिथे नुसती सिंगल वॉल बास्केट आणून फरक पडत नाही. वॉल्व काढता येत नसेल तर पोर्टाफिल्टरच बदलावा लागतो.

ड्युअल वॉलच्या दोन पत्र्यांमध्ये कॉफीचं तेल साचतं आणि खवट होतं. घासणी तिथे पोचत नाही. मी दर शॉटनंतर रिकाम्या बास्केटमधून गरम पाणी सोडते आणि आठवड्यातून एकदा ती कढत पाण्यात अर्धा तास बुडवते. धार वाकडी यायला लागली की भोक अर्धं बुजलंय असं समजायचं. टाचणी खालून हलकेच घालायची, जोर लावून फिरवायची नाही. भोक जरासं मोठं झालं तरी ती बास्केट फुकट गेली.