पंधरा वर्षांच्या गाडीचे रीपासिंग

आमची पेट्रोल मोटार नोव्हेंबर 2010 मध्ये साताऱ्यात घेतलेली, त्यामुळे तिच्या नोंदणीची 15 वर्षांची मुदत नोव्हेंबर 2025 मध्ये संपत होती. जुन्या गाड्यांवरील दिल्लीतल्या बंदीच्या बातम्या वाचून "आता भंगारात घाला" असे सांगणारे बरेच भेटले. प्रत्यक्षात आपल्याकडे खासगी गाडी 15 वर्षांनी आपोआप बाद होत नाही. तपासणीत उतरली तर तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.

मुदत संपण्यापूर्वीच्या 60 दिवसांत नमुना 25 भरून ऑनलाइन अर्ज केला. चालू विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट तयार होती. पर्यावरण कर वेगळा भरावा लागला आणि नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये झाले. एप्रिल 2022 पूर्वी ते 600 रुपये होते. तपासणीत सर्वाधिक वेळ गेला तो चासी नंबरावर. त्यावर गंज आणि ग्रीसचा थर होता, म्हणून रॉकेलच्या बोळ्याने तो पुसून, कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, तेव्हा कुठे सगळे आकडे स्पष्ट उमटले. मग निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, ब्रेक आणि टायर पाहिले. धुराचे मोजमाप तेथे झाले नाही. त्यासाठी पीयूसीच ग्राह्य धरली गेली.

खरा प्रश्न येथेच आहे. पीयूसीत पेट्रोल गाडीचे इंजिन जागेवर चालू ठेवून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. चढावर, भार घेऊन धावताना निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात दिसतच नाहीत. शिवाय मर्यादाही गाडीच्या भारत स्टेज म्हणजे बीएस या उत्सर्जन मानकानुसार बदलते : बीएस-3 पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के चालतो, बीएस-4 ला 0.3. आमची गाडी बीएस-3. त्याच वर्षी पुण्यात नोंदवलेली आमच्या मेव्हण्यांची गाडी मात्र बीएस-4, कारण 2010 मध्ये ते मानक पुणे आणि सोलापूरसह 13 शहरांत आधी लागू झाले. संपूर्ण देशात ते 2017 मध्ये लागू झाले. म्हणजे वय एकच, धूर वेगळा.

वयाची अट सोपी असते, कारण तारीख नोंदणीपुस्तकावर छापलेली असते. पण धूर ठरतो तो मानकाने आणि देखभालीने. लंडनच्या अतिकमी उत्सर्जन क्षेत्रात म्हणूनच वय न पाहता पेट्रोल गाडीला युरो-4 आणि डिझेलला युरो-6 मानक लागते. ते नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड भरून आत जाता येते. दिल्लीत डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षे अशी सरसकट अट होती. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीएस-4 व त्यापुढील गाड्यांवर केवळ वयामुळे कारवाई करू नये, असे स्पष्ट केले. हा निकष लावला, तर मेव्हण्यांच्या गाडीला दिल्लीत संरक्षण मिळेल आणि आमच्या गाडीला मिळणार नाही. मला तो भेद पटतो. फक्त मानक कारखान्यातून निघतानाचे असते. धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झालेली बीएस-4 गाडीसुद्धा त्या निकषात पास ठरते.