यंदा म्हणजे कधीपासून?

४ जानेवारी २०२५ च्या सकाळी वहिनींचा निरोप आला: "भाऊजी, यंदाची विक्री किती झाली तेवढे सांगा." वहिनी घरातून साड्या विकतात आणि त्यांच्या विक्रीची नोंदवही संगणकावर ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. वर्ष सुरू होऊन चारच दिवस झाले होते आणि चार दिवसांच्या विक्रीची चौकशी कोणी करत नाही, म्हणून 'यंदा' म्हणजे नुकतेच संपलेले २०२४ हे साल, असे मी परस्पर ठरवून टाकले. त्या नावाचे पान उघडले, खालची बेरीज पाहिली आणि "सदतीस लाख सत्तर हजार" असे कळवून चहाला बसलो.

वहिनींना हा आकडा हवा होता तो जीएसटीच्या मर्यादेसाठी. आपल्या राज्यात, राज्यातल्या राज्यात केवळ माल विकणाऱ्याची उलाढाल एका आर्थिक वर्षात चाळीस लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. माझे उत्तर वाचून त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. चाळीसच्या आत राहिलो, आता नवे साल, पाटी कोरी, असा त्यांनी हिशेब केला आणि फेब्रुवारीतल्या लग्नांच्या ज्या मोठ्या मागण्या त्या हो-ना करत होत्या, त्या सगळ्या घेऊन टाकल्या.

कोरी पाटी मात्र १ जानेवारीला होतच नाही. सरकारच्या लेखी वर्ष १ एप्रिलला उजाडते आणि ३१ मार्चला मावळते. एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत त्यांची विक्री तेहतीस लाख साठ हजार झाली होती. मी सांगितलेल्या आकड्यातले उरलेले चार लाख दहा हजार हे जानेवारी ते मार्च २०२४ चे, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षाचे होते. गंमत अशी की माझा चुकीचा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा मोठा होता, आणि तरीही तो वहिनींना निष्काळजी करून गेला. मी तेहतीस लाख साठ हजार म्हटले असते, तर मार्चअखेरपर्यंत सहा लाख चाळीस हजारांचीच जागा उरली आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले असते. आकडा किती हे मी चोख सांगितले होते, पण तो कुठून कुठपर्यंतचा हे सांगायचे राहून गेले.

२० फेब्रुवारीला दुसऱ्याच कशासाठी तरी एप्रिलपासूनची बेरीज केली आणि चाळीस लाख चाळीस हजार हा आकडा समोर आला. तारखा मागे मागे तपासत गेलो तेव्हा दिसले की मर्यादा १६ तारखेलाच ओलांडली गेली होती. नोंदणीचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो, त्यामुळे तसा उशीर झालेला नव्हता. पण असा वेळेत केलेला अर्ज मंजूर झाला की नोंदणी मर्यादा ओलांडली त्या दिवसापासून धरली जाते. त्यामुळे मधल्या चार दिवसांत कर न लावता विकलेल्या चाळीस हजारांच्या साड्यांवरचा पाच टक्के कर, म्हणजे दोनेक हजार रुपये, वहिनींच्या पदरचे जाणार होते. नवऱ्या मुलीच्या आईकडे नंतर जाऊन "तेवढा कर राहिला हो" असे कोण म्हणणार? ते पैसे मी देऊ केले तर वहिनींनी ते घेतले नाहीत, आणि त्यामुळे मला जास्तच लागले.

चूक झाली कशी, याचा विचार करताना मला त्यांची जुनी डायरी आठवली. विक्री त्या आधी डायरीत लिहीत असत, आणि बाजारात मिळणारी डायरी बहुधा जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपते. तीच डायरी मी संगणकावर उतरवली आणि पानांना '२०२३', '२०२४' अशी नावे दिली. आता मी प्रत्येक नोंदीशेजारी आर्थिक वर्षाचा एक वेगळा रकाना ठेवला आहे आणि त्यात हे एवढेच सूत्र आहे:

```
=YEAR(A2)-(MONTH(A2)<4)
```

तारीख एप्रिलच्या आधीची असेल तर ते सालातून एक वजा करते. २० फेब्रुवारी २०२५ ची साडी त्यामुळे २०२४ मध्ये, म्हणजे २०२४-२५ च्या हिशेबात, जाऊन बसते आणि १ एप्रिल २०२५ ची २०२५ मध्ये.

खरे तर वहिनींच्या बाबतीतली माझी चूक फार लवकर सापडली, कारण मध्ये एक मर्यादा आडवी आली. वर्ष पूर्ण झाल्यावर विचारलेल्या आकड्यात हीच चूक वर्षानुवर्षे दडून राहू शकते. '२०२४' ची बेरीज आणि '२०२४-२५' ची बेरीज यांत एप्रिल ते डिसेंबर हे नऊ महिने सामाईकच असतात. फरक पडतो तो एका जानेवारी-मार्चच्या जागी दुसरा जानेवारी-मार्च येतो तेवढाच. वहिनींच्या बाबतीत चार लाख दहा हजारांच्या जागी नऊ लाख दहा हजार आले आणि बेरीज बेचाळीस लाख सत्तर हजार झाली, म्हणून पाच लाखांची तफावत डोळ्यांत भरली. ज्याची विक्री दरसाल सारखीच असते, त्याच्या दोन्ही बेरजा बहिणी-बहिणींसारख्या दिसतात आणि एकीच्या जागी दुसरी खपून जाते. कर्जाच्या अर्जात एक आणि आयकराच्या विवरणपत्रात दुसरी गेली, की मग बँकेतला माणूस चष्मा कपाळावर चढवून विचारतो, "यातली खरी कुठली?" दोन्ही खऱ्या, हे उत्तर त्याला पटत नाही. अशा वेळी दोन्ही जानेवारी-मार्च वेगळे काढून त्यांची वजाबाकी करावी. ती तफावतीशी जुळली, तर घोळ वर्षाचाच आहे, पैशांचा नाही.

तसे पाहिले तर हा घोळ आपल्या कायद्यानेही मान्य केलेला आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये 'वर्ष' म्हणजे इंग्रजी पंचांगाचे वर्ष आणि 'आर्थिक वर्ष' म्हणजे एप्रिलपासून सुरू होणारे वर्ष, अशा दोन वेगळ्या व्याख्या दिलेल्या आहेत. हे एप्रिलचे वर्ष आपल्याकडे १८६७ पासून आहे. त्याआधी सरकारी वर्ष मे महिन्यात सुरू होत असे. व्यापारी मात्र पुढेही कितीतरी वर्षे दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवत आणि आयकर खात्यालाही तो चालत असे. १९८९ पासून सर्वांना एकच मार्चअखेर आली. लक्ष्मीपूजनाला वही पुजायची आणि ती मिटवायची मार्चमध्ये, अशी सध्याची तडजोड आहे.

त्या फेब्रुवारीपासून मी कोणालाही नुसता आकडा कळवत नाही. आधी "१ एप्रिल ते आजपर्यंत" असे लिहितो आणि मग रक्कम. वहिनींनीही 'यंदा' हा शब्द सोडून दिला आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांचा मोठ्या आत्मविश्वासाने निरोप आला: "भाऊजी, आता तारीख पक्की सांगते. पाडव्यापासूनची विक्री कळवा."

गुढीपाडवा त्या साली ३० मार्चला होता, म्हणजे नेमका दोन दिवसांनी जुन्या वर्षात. दिवाळीचा पाडवा होऊन तीनच आठवडे झाले होते. मी फोनच लावला.