विटांचा बाक: सिमेंट धरायची वेळ मोजली, मग विटा मुद्दाम हलवून पाहिल्या

बाकाचा पाया आणि वरचा कोबा झालाय. विटांचे थर चढवायच्या आधी एका प्रश्नाचा निकाल लावायचा होता. शेजारच्या बांधकामावरचे गवंडीकाका सांगतात, माल कालवल्यावर अर्ध्या तासात संपव. सिमेंट कंपन्यांच्या चाचणी अहवालात मात्र इनिशियल सेटिंगसमोर, म्हणजे सिमेंट धरायला लागण्याच्या वेळेसमोर, अडीच-पावणेतीन तासांच्या आसपासचा आकडा असतो. शिवाय भारतीय मानकात साधं सिमेंट असो वा फ्लाय अ‍ॅशचं पीपीसी, अट एकच आहे: इनिशियल ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि फायनल, म्हणजे धरून घट्ट होणं, ६०० मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. एवढी मोकळीक असताना काकांची घाई कशासाठी, हे स्वतः मोजून बघायचं ठरवलं.

आधी सुई. प्रयोगशाळेत विकॅटचं उपकरण असतं. लुई विका या फ्रेंच अभियंत्याचं (१७८६–१८६१) नाव त्याला आहे. तत्त्व अगदी साधं. १ मिमी बाय १ मिमी छेदाची सुई, सरकणाऱ्या दांड्यासकट ३०० ग्रॅम वजन, आणि खाली ४० मिमी उंचीच्या साच्यात निव्वळ सिमेंट-पाण्याचा लगदा. सुई अलगद टेकवून सोडायची आणि किती खोल गेली ते बघायचं. घरी मी १.१ मिमीची गोल पोलादी तार वापरली. तिचं क्षेत्रफळ १ चौरस मिमीच्या जवळपास येतं. दांड्यावर नट चढवून किचनच्या काट्यावर ३०० ग्रॅम जमवले. साचा म्हणजे पीव्हीसी पाइपचा ४० मिमीचा तुकडा, खाली काच, आतून तेलाचा हात.

पाणी किती घालायचं याला नियम आहे आणि इथे अंदाजपंचे चालत नाही. आधी १० मिमी जाडीचा दांडा लावून, तो तळापासून ५ ते ७ मिमीवर थांबेल इतकं पाणी शोधायचं. माझ्या पीपीसीला ४०० ग्रॅममागे १२४ ग्रॅम लागलं, म्हणजे ३१ टक्के. सेटिंगच्या चाचणीसाठी त्याच्या ०.८५ पट, म्हणजे साधारण १०५ ग्रॅम. सिमेंटला पाणी लागलं त्या क्षणी घड्याळ सुरू. साचा भरला तेव्हा नव्हे. हा फरक पुढे फार कामाला आला.

दोन तासांपर्यंत सुई सरळ काचेला टेकत होती. वरून लगदा घट्ट वाटत होता, बोटाने दाबला तर ठसा उमटत होता, पण सुईला अडथळा नव्हता. १५० मिनिटांना ती तळापासून दोनेक मिमीवर अडली आणि १६५ला पाच मिमीवर. पाच मिमीच्या वर अडायला लागली की इनिशियल सेटिंग झालं असं धरतात. फायनलसाठी सुईभोवती ५ मिमी व्यासाची कडी बसवायची, सुईचं टोक कडीच्या अर्धा मिमी पुढे ठेवून. सुईचा ठसा उमटतो पण कडीचा उमटत नाही, तो क्षण फायनलचा. माझ्याकडे तो २४५ मिनिटांच्या आसपास आला. त्या दिवशी खोलीत २९ अंश होतं. मानकाला २७ अधिक-उणे २ हवं असतं, म्हणजे जेमतेम बसलं. उन्हाळ्यात अंगणात हेच आकडे बरेच खाली येतील.

एक गोष्ट लक्षात ठेवायची: या दोन्ही खुणा माणसाने ठरवलेल्या आहेत. लगद्यात त्या मिनिटाला वेगळं काही घडत नाही, बदल सलग चालू असतो. पाणी पडल्यावर सिमेंटच्या कणांवर सुरुवातीला थोडी झटापट होते. त्यातला सगळ्यात उतावळा घटक म्हणजे ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट. कारखान्यात घातलेलं जिप्सम त्याला आवरून धरतं. मग दीड-दोन तास जवळजवळ शांतता. या काळात कण पाण्यात सुटे असतात, ढवळलं, थापलं, सरकवलं तरी पुन्हा एकमेकांना लागून बसतात. त्यानंतर ट्रायकॅल्शियम सिलिकेटपासून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट वाढायला लागतं. कणांच्या अंगावर वाढणारा हा पदार्थ शेजारच्या कणावरच्या वाढीत गुंततो आणि सुटे कण सांगाड्यात बांधले जातात. सुई अडते ती या सांगाड्याला. ताकद म्हणाल तर फायनल सेटिंगलासुद्धा नावापुरतीच असते, ती पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत येते.

आता हलवण्याचं. सांगाडा गुंतायच्या आधी हलवलं तर नुकसान नाही. काँक्रीटमध्ये तर इनिशियलच्या आधी पुन्हा व्हायब्रेटर फिरवल्याने फायदाही होतो. गुंतल्यावर हलवलं तर जोड तुटतात. सिमेंट अजून बरंच शिल्लक आहे, पाणी मारलं की पुन्हा जुळेल, असं कोणी म्हणेल. लगद्याच्या आतल्या बारीक तड्यांपुरतं ते थोडंफार खरं आहे. पण वीट आणि माल यांच्यामध्ये पडलेली फट वेगळी. ही वाढ मायक्रॉनमध्ये मोजायची असते आणि फट असते अर्ध्या मिलिमीटरची. ती भरायला वाहता लगदा लागतो, आणि वाहण्याचे दिवस तर मागे पडलेले.

इथपर्यंत सगळं निव्वळ लगद्याचं. बाकाला वापरणार आहे एका भाग सिमेंटला पाच भाग वाळू असा १:५ चा माल, आणि तो बसणार तहानलेल्या विटांमध्ये. वाळू असली की सुई खड्यावर अडते, त्यामुळे मालाला विकॅट लावण्यात अर्थ नाही. म्हणून विटांच्या जोड्या केल्या. एक वीट खाली, दुसरी तिच्यावर आडवी, अधिकच्या चिन्हासारखी, मध्ये १० मिमी माल. ९० बाय ९० मिमीचा चौकोन चिकटतो. सगळ्या विटा भिजवून, वरचं पाणी निथळू देऊन घेतल्या. माल एकाच घमेल्यातला. एका गटाला हात लावला नाही. दुसऱ्या गटातली वरची वीट लावल्यावर मिनिटभरात थापीच्या मुठीने ठोकून दोनेक मिमी सरकवली. तिसऱ्यातली चाळीस मिनिटांनी. चौथ्यातली तीन तासांनी, म्हणजे सुईच्या हिशेबाने इनिशियल होऊन गेल्यावर. मग सगळ्यांवर ओलं गोणपाट, सात दिवस.

तोडायची पद्धत: खालची वीट टेबलाला क्लॅम्प, वरच्या विटेला लाकडी पट्टी क्लॅम्प, आणि सांध्याच्या मध्यापासून ३० सेमीवर बादली टांगून हळूहळू पाणी ओतायचं. हात न लावलेल्या जोड्या बादलीसकट पाच किलोच्या आगेमागे सुटल्या. हिशेब केला तर सांध्याच्या कडेला सुमारे ०.१२ न्यूटन प्रति चौरस मिमी ताण येतो. मिनिटभरात ठोकलेल्या तितक्याच टिकल्या. तीन तासांनी हलवलेल्या जोड्या बादली टांगायच्या आधीच, पट्टी बसवताना निघाल्या. यात नवल नव्हतं.

नवल चाळीस मिनिटांवाल्यांचं. सुई म्हणते अजून दोन तास शांतता आहे, आणि या जोड्या दीड-दोन किलोला सुटल्या.

तुटलेल्या जागा पाहिल्यावर उलगडा झाला. न हलवलेल्या जोड्यांत तडा मालातून आणि थोडा विटेच्या कातडीतून गेलाय, दोन्ही विटांवर माल चिकटलेला आहे. चाळीस मिनिटांवाल्यांत सगळा माल खालच्या विटेवर राहिलाय आणि वरच्या विटेचा तळ जवळजवळ कोरा. वरून मालावर विटेचा गुळगुळीत छाप, त्यात सरकल्याच्या रेघा. म्हणजे हे रसायनाचं सेटिंग नव्हेच. भिजवलेली वीटसुद्धा मालातलं पाणी ओढते, आणि त्या पाण्याबरोबर सिमेंटचा बारीक लगदा विटेच्या छिद्रांत शिरतो. चिकटतं ते त्याने. काही मिनिटांतच सांध्यातला माल इतका कोरडा होतो की वीट उचकटली तर पुन्हा छिद्रांत शिरायला ओल उरत नाही. सिमेंट अजून धरलेलं नाही, पण सांधा आवळलाय. तपासण्यासाठी एक जोडी न भिजवलेल्या विटांची केली होती. तिच्यात दोन-तीन मिनिटांतच वरची वीट सरकेना, जोर केला तर मालासकट उचलून येत होती.

जोड्या थोड्याच आहेत आणि आपल्याकडच्या भट्टीच्या विटा एकसारख्या कधीच नसतात. तेव्हा किलोंच्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका. तुटलेला पृष्ठभाग जास्त खरं बोलतो.

तर घड्याळं दोन आहेत. घमेल्यातल्या मालाचं घड्याळ पाणी घातल्यापासून चालतं. सार्वजनिक बांधकामात वापरल्या जाणाऱ्या केंद्रीय विनिर्देशांत ते अर्ध्या तासाचंच आहे. काकांचा आकडा तिथलाच असावा. मालाबद्दलचं भारतीय मानक दोन तासांपर्यंत जाऊ देतं, आणि पाणी उडून घट्ट झालेला माल त्या मुदतीत पाणी शिंपडून पुन्हा कालवायलाही परवानगी देतं. हे पाणी उडालेल्याची भरपाई म्हणून. धरू लागलेल्या मालात पाणी घालून तो मऊ केला की सांगाडा मोडतो आणि वर पाणी-सिमेंटचं प्रमाणही बिघडतं. दिसायला लोण्यासारखा, वाळल्यावर नखाने उकरला जाणारा. दुसरं घड्याळ प्रत्येक विटेचं वेगळं, आणि ते मिनिटांचं.

यातून बाकासाठी कामाची पद्धत ठरवली. एका वेळी चार पाट्यांपेक्षा जास्त माल कालवायचा नाही. दोरीला लावून वीट ठेवली की लगेच ठोकून पातळी घ्यायची, पुढची वीट त्यानंतर. चार-पाच विटा लावून मग पाणसळ ठेवून एकदम ठोकाठोक करायची सवय बऱ्याच जणांना असते (व्हिडिओंत सर्रास दिसते), ती बंद. थर पूर्ण झाल्यावर ओळंबा लावला आणि एखादी वीट बाहेर निघालेली दिसली, तर तिला ठोकून आत घालायचं नाही. वीट काढायची, तिच्यावरचा आणि खालच्या थरावरचा माल खरवडायचा, दोन्ही ओलं करायचं, ताजा माल टाकून पुन्हा बसवायची. खरवडलेला माल घमेल्यात परत टाकायचा नाही. मी तो झाडांच्या आळ्याभोवती टाकलेल्या खडीत टाकतो. वीट काढताना शेजारची हलली तर तिचंही तेच करायचं. जुन्या कामात अशी ठोकून सरळ केलेली वीट शोधायची असेल तर हातोडीच्या दांड्याने टकटक करून बघा: चिकटलेली वीट भरीव वाजते, सुटलेली पोकळ, आणि आडव्या सांध्याच्या वरच्या कडेला विटेलगत केसासारखी रेघ दिसते.

पुढच्या जोड्या चुना घातलेल्या १:१:६ मालाच्या करणार आहे. चुना पाणी धरून ठेवतो, त्यामुळे विटेचं घड्याळ किती लांबतं ते बघायचंय. बाकाचा पहिला थर त्यानंतर.