टीव्हीचे पाय आणि साडेतीन फुटी युनिट

साखर पेठेतल्या एका जुन्या घरात ५५ इंची टीव्ही बसवायला गेलो होतो. भिंती मातीच्या, वरून गिलावा. अशा भिंतीत ड्रिल घातलं की नुसती माती गळते, अँकर धरत नाही. म्हणून अण्णांनी आधीच युनिट आणून ठेवलं होतं. त्यावर स्टिकर होता, ‘५५ इंचांपर्यंत, ४० किलो’. टीव्ही जेमतेम १५ किलोचा.

“मग अडचण काय?” अण्णांनी विचारलं.

वजनाची अडचण नव्हतीच. ५५ इंच हे तिरकं माप. टीव्हीची रुंदी साधारण ४८ इंच भरते. युनिट साडेतीन फुटी, म्हणजे ४२. टीव्हीच्या कडा थोड्या बाहेर राहिल्या तरी एक वेळ चालतं, पाय मात्र पूर्ण टेकायला हवेत. याचे पाय अगदी टोकाला, बाहेरून बाहेर ४३ इंच. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच पाय अधांतरी, पोरानं धक्का दिला की टीव्ही खाली. काही मॉडेलांना आतल्या बाजूला पायांसाठी दुसरी भोकं असतात. गादीवर टीव्ही पालथा घालून पाहिलं, याला नव्हती.

अण्णांचा मुलगा म्हणाला, “वरून लांब फळी टाकू की.” मी नको म्हटलं. युनिटचे स्वतःचे पाय कडेपासून बरेच आत होते. फळीच्या टोकावर जोर आला की अख्खं युनिटच कलंडणार.

दुकानदार बदलून द्यायला तयार नव्हता. मग पाठीमागच्या चार भोकांत बसणारा, मधोमध टेकणारा युनिव्हर्सल स्टँड आणला. पण आता टोकांवरचा भार सगळा मध्ये आला, आणि युनिट होतं पार्टिकल बोर्डाचं, मध्ये आधार नसलेलं. अशा बोर्डाला खरी भीती रोजच्या भाराची: आज सरळ दिसतं, काही महिन्यांत पोट काढतं. ४० किलोचा आकडा वजन सगळीकडे पसरलेलं धरून दिलेला असतो, एका जागी टेकवायला नव्हे. पुढच्या कडेला दोरा ताणून पाहिला, तर टीव्ही ठेवण्याआधीच मध्ये बारीक फट दिसत होती.

गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्यानं मधोमध १८ मिमी प्लायची उभी फळी बसवली. मी तिच्या बरोबर खाली, जमिनीला टेकणारा पाचवा पाय लावायला सांगितलं, नाहीतर वरचं वाकणं फक्त खालच्या फळीवर गेलं असतं. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा निघाला की भोक ढिलं होतं, म्हणून त्यानं नव्या जागी भोकं पाडली. मग परत दोरा लावला. फट गेली होती.

टीव्ही पुढं कलंडू नये म्हणून लावायचा पट्टा भिंतीला बांधता येईना, तो घराच्या लाकडी खांबाला बांधला.

“आता साउंडबार?” मुलगा.

“खालच्या कप्प्यात ठेव. वर टीव्हीपुढं ठेवलास तर रिमोटचा सेन्सर झाकेल.”