‘काही नाही’च आहे, तर लिहायचं कशाला?

पहिलीच्या वर्गात वीस लिहायला सांगितलं होतं. एका मुलीनं २० लिहिलं, जरा वेळ पाटीकडे बघितलं आणि शून्य पुसून टाकलं. विचारलं तर म्हणाली, “बाई, शून्य म्हणजे काही नाही ना? मग काही नाही ते कशाला लिहायचं?” रिकामी वाटी दाखवून ‘शून्य म्हणजे काही नाही’ हे मीच शिकवलं होतं. तिचा तर्क बरोबर होता, माझंच वाक्य अपुरं होतं.

मग मी एकेका मुलाला जवळ बोलावून बघितलं. सोळा काड्या पुढ्यात ठेवायच्या, त्याच्याकडूनच मोजून घ्यायच्या आणि पाटीवर १६ लिहायला सांगायचं. ६ वर बोट ठेवून “एवढ्या काड्या दाखव” म्हटलं की सगळे सहा काड्या बाजूला काढायचे. १ वर बोट ठेवलं की बहुतेकांनी एकच काडी उचलली. नऊ काड्या तशाच पडून राहिल्या आणि त्या कुठल्या, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलंही यात होती.

म्हणून लिहिणं थांबवून काड्यांपासून सुरुवात केली. दोघांत एक ढीग आणि मूठभर रबर. दहा झाल्या की बांधायच्या. पहिल्या दिवशी वेळ वाचावा म्हणून मी तयार गठ्ठे दिले होते, ती चूक झाली. मुलं गठ्ठ्यालाही ‘एक’ मोजायची, नाहीतर सोडून पुन्हा एकेक काडी मोजायची. स्वतः बांधायला लागल्यावर हळूहळू सोडणं कमी झालं. ज्याला शंका येई त्याला मी गठ्ठा उघडू द्यायचे. एकदा दोन जोड्यांची मोजणी जुळेना. उघडून पाहिलं तर एका गठ्ठ्यात अकरा काड्या! त्यानंतर बांधण्याआधी शेजाऱ्याकडून मोजून घ्यायचं, हा नियम मुलांनीच केला.

शून्याची खरी गरज मात्र एका खेळात दिसली. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकापुढे काड्या असतात, त्यानं बोलायचं नाही, फक्त पाटीवर लिहून द्यायचं. दुसऱ्यानं पाटी वाचून तेवढ्याच काड्या मांडायच्या. २३, २२, २१ अशी मी एकेक काडी काढून घेत गेले, तोवर सगळं जुळलं. मग दोन गठ्ठे उरले, सुटी एकही नाही. पहिल्यानं २ लिहिलं. दुसऱ्यानं दोन सुट्या काड्या मांडल्या. दोघं वळले आणि भांडण सुरू झालं. “मी दोनच लिहिले, दोन गठ्ठे!” “गठ्ठे कुठे लिहिलंयस?”

हे भांडण मी मिटवलं नाही. वर्गालाच विचारलं, काय लिहिलं म्हणजे कळेल? एकानं दोनाभोवती रबर काढला. एकीनं सुट्यांची जागा रिकामी सोडली, पण पाटीवर ती रिकामी जागा कुणालाच दिसेना. एक जण म्हणाला, “तिथं घर काढून आत काहीच ठेवायचं नाही.” त्यानं चौकोन काढला. मी म्हटलं, मोठी माणसं तिथं गोल काढतात. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात नवव्या शतकातल्या शिलालेखात २७० आणि ५० या संख्या आहेत, तिथंही सुट्यांच्या घरात असंच लहानसं वर्तुळ आहे. हे मुलांना सांगितलं नाही, पण त्या चौकोनाकडे बघताना मला तेच आठवत होतं.

त्या दिवसापासून वाक्य बदललं: ‘शून्य म्हणजे या घरात एकही नाही.’ ‘या घरात’ हे शब्द मी कधी गाळत नाही.

पण काड्यांना एक मर्यादा आहे. गठ्ठे उजवीकडे आणि सुट्या डावीकडे मांडल्या तरी मुलं तेवीसच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. गठ्ठा कुठेही ठेवला तरी दहाच राहतो. म्हणजे काड्यांनी दहाचा गट कळतो, जागेची किंमत कळत नाही. त्यासाठी मणी लागतात.

मण्यांच्या चौकटी दोन तऱ्हेच्या असतात. दहा तारा आणि प्रत्येक तारेत दहा मणी असलेलीत प्रत्येक मणी एकच असतो, ती मोजायला चांगली. मला हवी होती उभ्या दांड्यांची, जिच्या डावीकडच्या दांडीतला एक मणी म्हणजे दहा. एकाच दिवशी दोन्ही काढल्या तर मुलं गोंधळतात, म्हणून पहिली महिनाभर कपाटात ठेवली. दुसरी गोष्ट रंगाची. दशकाचे मणी लाल आणि सुट्यांचे निळे असतील तर मुलं ‘लाल म्हणजे दहा’ एवढंच शिकतात. लाल मणी उजव्या दांडीत घातला तरी दहाच म्हणतात. मी सगळे मणी एकाच रंगाचे केले.

दांडीत नऊच मणी मावतात. अठ्ठावीस मांडले: डावीकडे दोन, उजवीकडे आठ. एक घातला, एकोणतीस. आणखी एक हातात, पण जागा नाही. मग दांडीतले नऊ आणि हातातला एक असे दहा परत डब्यात, आणि डावीकडे एक मणी. इथं एक मुलगा चांगलाच चिडला. “दहा घेतले आणि एकच दिला!” त्याचं म्हणणं खरं होतं. गठ्ठा बांधताना काड्या जात नाहीत, इथं मणी डोळ्यादेखत जातात. म्हणून पुढचे बरेच दिवस चौकटीशेजारी काड्या ठेवल्या. एकानं गठ्ठा बांधायचा, त्याच क्षणी दुसऱ्यानं मणी बदलायचा. उजवी दांडी रिकामी झाली की मुलं आपणहून म्हणायला लागली, “एकही नाही, शून्य लिही.”

तेवीसचं २०३ लिहिणारी मुलं होती, ती ‘वीस’ आणि ‘तीन’ वेगवेगळे लिहीत होती. त्यांच्यासाठी २० ची लांब पट्टी आणि ३ ची लहान पट्टी केली. लहान पट्टी शून्यावर ठेवायची. शून्य खाली आहेच, पण आता त्या घरात तिघं राहायला आलेत.

आपले संख्यांचे शब्दही अडचण करतात. सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून ७२. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतो, म्हणून ३९. इथं मी आधी मांडायला लावते: तीसचे तीन गठ्ठे घे, एक काडी कमी कर. त्यासाठी गठ्ठा सोडावा लागतो आणि हातात दोन गठ्ठे, नऊ सुट्या राहतात. लिहायचं त्यानंतर.

वर्ष संपताना सोळाची चाचणी पुन्हा घेतली. तिघांनी अजूनही १ साठी एकच काडी उचलली, त्यांच्याबरोबर मी पुन्हा गठ्ठे बांधतेय. शून्य पुसणाऱ्या मुलीनं मात्र चौकटीत नव्व्याण्णव मांडले आणि एक मणी हातात घेऊन माझ्याकडे आली. उजव्या दांडीत जागा नव्हती, ती रिकामी केली तर डावीकडेही जागा नव्हती. “बाई, दोन्ही रिकाम्या होतील. मग हा एक कुठे ठेवू? अजून एक दांडी द्या ना.”